उचललेल्या वजिराची खूण

परीक्षेला आठवडा राहिला होता आणि n × n पटावर n वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे बसवायचा माझा एन-क्वीन्सचा कोड n = 4 साठी शून्य उत्तरं दाखवत होता. खरी उत्तरं 2. शेवटी कल्याण लोकलमध्ये वहीवर पट आखून हातानेच चालवून पाहिला.

पहिला वजीर (1,1), दुसरा (2,3). तिसऱ्या रांगेत जागाच नाही, म्हणून दुसरा (2,4) वर नेला. आता (3,2) मोकळं हवं, पण कोड नकार देत होता. रांग अधिक स्तंभ: 2+3 आणि 3+2, दोन्ही 5! वजीर उचलला होता, त्याच्या कर्णाची खूण तशीच राहिली होती. रिकर्सिव्ह कॉलनंतर एवढंच घातलं:

```
col[c] = d1[r+c] = d2[r-c+n] = 0;
```

लगेच दोन्ही उत्तरं मिळाली, रांगेनुसार स्तंभ: (2,4,1,3) आणि (3,1,4,2). पेपरात ट्री काढताना (3,2) नंतरची माघारही दाखवा. चौथ्या रांगेत तिथेही जागा उरत नाही.