जोडाक्षराला घर एकच! मराठी शब्दकोड्यात या चुका टाळा

कोडं अडलं की लोक शब्द आठवत बसतात. माझ्या पाहण्यात दहातल्या सात-आठ वेळा शब्द आठवलेला असतो, पण घरं मोजताना चुकतं आणि बरोबर शब्द ‘बसत नाही’ म्हणून टाकून दिला जातो. ही एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आज सगळ्यात आधी तिच्याबद्दलच लिहितो.

मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर येतं. त्याची काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि त्याला जोडलेलं अर्धं अक्षर, सगळं त्याच घरात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी चुकतं, कारण लोक कानानं मोजतात. ‘सिद्धेश्वर’ म्हणून बघा. तोंडात सिद्-धेश्-वर असे तीन तुकडे पडतात. अर्धा द् आणि अर्धा श् उच्चारात मागच्या अक्षराला चिकटतात; शाळेत लघु-गुरू शिकताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं ते यामुळंच. घरात मात्र अर्धं अक्षर पुढच्या अक्षराकडे जातं: सि, द्धे, श्व, र. घरं चार.

काना-मात्रा नसलेल्या अक्षरांचंही तसंच. ‘सोलापूर’ बोलताना सो-ला-पूर, तीनच ठोके; शेवटचा र पू मध्ये विरतो. कोड्यात त्या र ला स्वतःचं घर हवं. टाळ्या वाजवून मोजणाऱ्यांची इथं फसगत होते, म्हणून टाळ्यांची युक्ती कुणी शिकवली असेल तर ती विसरा.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची सोलापूरला आली होती. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून मी तिला वहीत एक छोटं कोडं आखून दिलं. आडवा शब्द, पाच घरं: ‘सोलापूर जिल्ह्यातला तालुका’. त्याच्या दुसऱ्या घरातून खाली जाणारा, तीन घरं: ‘डोक्यावर केस नसणे’. पहिल्या घरापासून खाली, चार घरं: ‘भक्ष्याला विळखा घालणारा साप’. चौथ्या घरातून जाणारा, तीन घरं: ‘चांदण्याची वाट पाहणारा पक्षी’. आणि खाली आडवा, दोनच घरं: ‘पाणी’.

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि त्यांतले चार पाच घरांचे: पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस, अक्कलकोट. म्हणजे नुसत्या मोजण्यानं उत्तर मिळत नाही, उभे शब्द लागतातच. चकोर तिनं लगेच भरला. चौथ्या घरात को आला, म्हणजे पू, वे आणि र वाले तिन्ही बाद, अक्कलकोट नक्की. इथवर उत्तम. मग केसांचा शब्द. ‘टक्कल’ तिला पहिल्याच झटक्यात आठवलं. बोटांवर मोजलं: ट, क्, क, ल. चार झाले, घरं तीन. म्हणून तिनं टक्कल सोडून ‘टकला’ लिहिलं. ट, क, ला, तीन घरं, चपखल! दुसऱ्या घरात क आला आणि तिनं बिनदिक्कत अ, क, ल, को, ट लिहिलं. पाच घरं भरली.

पुढं अजगर बसला. आता ‘पाणी’. पहिलं घर अजगराचा ज, दुसरं टकल्याचा ला. ‘जला’. असा शब्द नाही. “मामा, बसंना हे.” मी म्हटलं, बघ तूच. तिनं काय केलं असेल? अजगर खोडला! मग अर्धा तास तिला चार अक्षरी दुसरा साप सापडेना, आणि दोन अक्षरी, शेवटी ला येणारं पाणीही सापडेना. शेवटी चकोरावर खोडरबर आलं तेव्हा मी तिचा हात धरला.

चूक दिसली तिथं नव्हतीच. ती एक ओळ वर होती, आणि ती दोन शब्दांनी एकमेकांना दिलेल्या खोट्या साक्षीवर उभी होती. ‘टकला’मुळं ‘अकलकोट’ पटलं आणि ‘अकलकोट’मुळं ‘टकला’ पक्का झाला. खरं तर शोधसूत्र ‘केस नसणे’ होतं, केस नसलेला माणूस नव्हे, आणि गावाचं नाव तिला लिहिता येत होतं. अडल्यावर सगळ्यात शेवटी लिहिलेला शब्द खोडायचा, ही उतावीळ माणसाची सवय. मी उलटं करतो. अडलेल्या घरातून जाणारा आधीचा शब्द आणि त्याला छेदणारा शब्द, दोन्ही वहीच्या कडेला तिरप्या रेघा देऊन लिहितो:

ट / क्क / ल
अ / क्क / ल / को / ट

लिहिलं की दिसतं. क्क हे एक अक्षर आहे, शेवटचं घर ल आहे, पाणी म्हणजे जल. खोडलेला अजगर परत जागेवर. वेळ लागतो असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, या रेघांना दहा सेकंद लागतात. तिचा अर्धा तास गेला होता.

रेघ मारायचा नियम सोपा आहे. अर्धं अक्षर एकटं राहत नाही, ते पुढच्याबरोबर जातं. रफारही तसाच: बार्शी म्हणजे बा, र्शी, दोनच घरं. अनुस्वार आणि विसर्ग मात्र ज्याच्या डोक्यावर किंवा शेजारी आहेत त्याच्याच घरात राहतात: सां-गो-ला, दुः-ख. आई, जाऊ यांतले ई, ऊ सुटे स्वर आहेत, त्यांना वेगळं घर.

अनुस्वाराच्या जागी अर्धा न्, ण् लिहायची हौस कोड्यात नको. पंडित आणि पण्डित दोन्ही तीनच घरांचे, म्हणून मोजण्यात काही कळत नाही, पण पहिल्यात नाद पहिल्या घरात आहे (पं, डि, त) आणि दुसऱ्यात तो दुसऱ्या घरात सरकतो (प, ण्डि, त). उभे दोन शब्द बिघडतात. शीर्षबिंदूच द्या.

ऱ्हस्व-दीर्घाला ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. शोधसूत्र एकवचनी आहे की अनेकवचनी ते आधी बघा, कारण त्यावर पहिलं घर बदलतं. वीट असेल तर वी, विटा असेल तर वि. फूल असेल तर फू, फुले असेल तर फु. दोन्ही वेळा घरं दोनच, त्यामुळं चूक लपून राहते आणि उभ्या शब्दात उगवते. साहित्य महामंडळाचे लेखननियम (१९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार) एकदा नीट वाचले तर निम्मी कोडी सोपी होतात. शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ, हा त्यांतला एक तरी पाठ असावा: कवी, गुरू, वस्तू.

पेननं भरू नका.

आणि दोन वेगळे र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही दोन घरांचे, दोन्ही द नं सुरू. पण र्या आणि ऱ्या ही वेगळी अक्षरं आहेत. त्या घरातून जाणारा दुसरा शब्द ‘पायऱ्या’ असेल तर वर समुद्र बसणार नाही, कितीही ओढा.