रिपीटरने आधी चुका मोजाव्यात

नीट परीक्षा पुन्हा देताय? नवं वेळापत्रक नंतर आखा. आधी गेल्या वर्षीची ओएमआर प्रत आणि अंतिम उत्तरतालिका शेजारी ठेवून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येत नव्हतं, आकडेमोड चुकली की अंदाजाने ठोकलं.

समजा, भौतिकशास्त्रात 45 पैकी 20 बरोबर, 15 चूक, 10 सोडलेले. म्हणजे 80 वजा 15, गुण 65. त्या 15 पैकी 9 आकडेमोडीचे असतील, तर ते सुधारून 45 गुण वाढतात, कारण चुकीचा प्रश्न बरोबर आला की 5 गुणांचा फरक पडतो. अशा वेळी तेच धडे पुन्हा वाचणं वाया जातं. त्याऐवजी रोज 25 गणितं घड्याळ लावून, एकके लिहून, शेवटपर्यंत हातानेच सोडवा.