सल्लागार समितीचे इतिवृत्त: बैठकीपासून पुढच्या आढाव्यापर्यंत

सांगलीत आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलामुलींची आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, सादरीकरणाची तयारी चांगली असते. स्लाइड, तक्ते, शेतातले फोटो, सगळे जागेवर असते. बैठक संपल्यावर मात्र इतिवृत्त म्हणून जो कागद तयार होतो त्यात चार ओळी असतात: प्रगती समाधानकारक, विश्लेषण अधिक सखोल करावे, नमुने वाढवावेत, संदर्भ वाचन वाढवावे. सहा महिन्यांनी तो कागद पुन्हा टेबलावर येतो तेव्हा नेमके काय करायचे ठरले होते हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ही यादी त्या कागदासाठी लिहिते आहे.

आधी नियम नीट समजून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करायचे आणि थोडक्यात प्रगती अहवाल द्यायचा असतो. मार्गदर्शक समितीचे संयोजक असतात. समितीच्या शिफारशी प्रगती अहवालासह संस्थेकडे जातात आणि त्याची एक प्रत विद्यार्थ्याला मिळते. ही प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात, आणि ते उपाय अमलात आले नाहीत तर कारणे देऊन नोंदणी रद्द करण्याची शिफारसही समिती करू शकते. म्हणजे इतिवृत्तातले प्रत्येक वाक्य पुढे तुमच्या बाजूने किंवा तुमच्या विरुद्ध वाचले जाऊ शकते. ते मोघम ठेवणे तुमच्या सोयीचे नाही.

बैठकीला जाताना टिपण घ्यायला कोणाला तरी सोबत न्या, मार्गदर्शकांना आधी विचारून. स्वतः उत्तरे देत असताना स्वतःच टिपणे नीट होत नाहीत. सोबत येणाऱ्याला एवढेच सांगा की सूचना कोणी केली, त्यावर दुसरे सदस्य काय म्हणाले आणि शेवटी काय ठरले, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. घोळ होतो तो या तिसऱ्या रकान्यात. सूचना झाली आणि निर्णय झाला यांत फरक असतो.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, एक विद्यार्थिनी वाळवा आणि पलूस तालुक्यांतल्या कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनींतल्या क्षारतेवर काम करते आहे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, तिने ४० ठिकाणचे ० ते १५ सेंटिमीटर खोलीचे नमुने घेतले. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या प्रमाणात ईसी, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, मोजली. जानेवारीच्या बैठकीत तिने दाखवले की बहुतेक जमिनी ४ डेसीसायमन प्रति मीटर या मर्यादेच्या आत आहेत, म्हणजे क्षारयुक्त नाहीत.

इथे समितीने तिला थांबवले, आणि ते बरोबरच होते. ४ ची मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्कातल्या ईसीसाठी आहे. एकास अडीच प्रमाणात पाणी जास्त असते, क्षार विरळ होतात आणि आकडा लहान येतो. किती पट लहान, ते मातीच्या पोतावर ठरते. विरळ द्रावणात १.६ दाखवणारी जमीन संपृक्त अर्कात ४ ओलांडू शकते. आता हा अभिप्राय इतिवृत्तात ‘ईसीची पद्धत तपासावी’ असा लिहिला, तर विद्यार्थिनी सहा महिने संदर्भ तपासत बसेल आणि पुढच्या वेळी तेच तक्ते घेऊन येईल. तो असा लिहायला हवा: ‘सादर केलेले ईसीचे आकडे एकास अडीच प्रमाणातले असल्याने ४ च्या मर्यादेशी थेट तुलना ग्राह्य नाही. विद्यार्थिनीने ४० पैकी १५ नमुने, कमी, मध्यम व जास्त ईसीचे प्रत्येकी ५, संपृक्त अर्क पद्धतीने २८ फेब्रुवारीपर्यंत मोजावेत आणि दोन्ही पद्धतींचा आलेख मार्गदर्शकांना द्यावा. दोहोंचा संबंध विश्वासार्ह न आढळल्यास सर्व ४० नमुने संपृक्त अर्काने मोजावेत.’ यात काय, किती, कधी, पुरावा कोणता आणि जमले नाही तर पुढे काय, हे सगळे आले. बैठकीत नसलेल्या माणसाला हा परिच्छेद वाचायला द्या. उद्या सकाळी काय करायचे ते त्याला सांगता आले, तर नोंद बरोबर आहे.

अशी तारीख मान्य करण्याआधी काम किती वेळ खाते ते स्वतः पाहून घ्या. आपल्याकडच्या काळ्या चिकण मातीचा संपृक्त लगदा करायला धीर लागतो. डिस्टिल्ड वॉटर थोडे थोडे घालत ढवळायचे. पृष्ठभाग चमकू लागला, भांडे कलते केल्यावर लगदा किंचित सरकला, स्पॅच्युलावरून स्वच्छ घसरला, पण वर पाणी साचले नाही, की जमला. मग तो रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचा आणि निर्वात पंपाने अर्क काढायचा. चिकण मातीतून अर्क सावकाश उतरतो. हे माहीत नसताना ‘सगळे नमुने महिन्यात करते’ असे बैठकीत बोलून टाकले, की ते इतिवृत्तात येते आणि पुढे निभवावे लागते.

दुसरा टप्पा ऋतूचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जपण्याचा. पावसाने क्षार खाली धुतले जातात आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे केशाकर्षणाने वर येतात. म्हणून फक्त ऑक्टोबरच्या नमुन्यांवर जमिनीची क्षारता ठरवता येत नाही. समितीने सांगितले, त्याच ४० ठिकाणी पावसाळ्याआधी नमुने घ्या, तेही ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा तीन थरांचे. म्हणजे १२० नमुने. इतिवृत्तात ‘पावसाळ्यापूर्वी’ एवढेच लिहिले तर विद्यार्थिनी मे अखेर धरेल. आपल्या भागात मे महिन्यात वळीव येतो, आणि एक जोराची सर झाली की वरच्या थरातले क्षार खाली जातात. म्हणून नोंद ‘१ ते ३० एप्रिल’ अशी हवी. त्यापुढे आणखी दोन वाक्ये हवीत. पहिले, शेताला पाणी दिल्याची शेवटची तारीख प्रत्येक नमुन्यासोबत लिहावी, कारण नुकते पाणी पाजलेल्या उसात आकडा वेगळाच येतो. दुसरे, मधेच पाऊस झाला तर त्याची तारीख नोंदवून त्याच आठवड्यात मार्गदर्शकांना कळवावे आणि पावसानंतरचे नमुने वेगळ्या गटात ठेवावेत. हा महिना हुकला तर नमुन्यांसाठी थेट पुढच्या एप्रिलची वाट पाहावी लागते. नोंदणीच्या मुदतीतले एक वर्ष केवळ मोघम शब्दापायी जाते.

या टप्प्याची तयारी मार्चमध्येच सुरू होते. शेतकऱ्यांना आधी फोन करून तोड कधी झाली, पाण्याची पाळी कधी आहे, ते विचारायचे. खोलवरची माती काढायचा ऑगर कोणाकडून मिळणार ते ठरवायचे. ऑक्टोबरची जीपीएस ठिकाणे कागदावर काढून न्यायची, नाहीतर तोच बांध वाटून दुसऱ्याच रानात नमुना घेतला जातो. पिशवीत एक आणि पिशवीबाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या, पेन्सिलने लिहिलेल्या, कारण ओल्या मातीत पेनाची शाई फुटते. नमुने सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून ठेवायचे. एवढे बारीक तपशील इतिवृत्तात येणार नाहीत, पण टप्प्यासमोर ‘पुरावा’ म्हणून नमुना नोंदवहीची छायाप्रत लिहिलेली असली की ती वही आपोआप नीट ठेवली जाते.

बैठकीत ज्या सूचना मान्य झाल्या नाहीत त्याही लिहा. समजा, एक सदस्य म्हणाले की जिप्सम टाकून शेतावर प्रयोगही करावा. दुसऱ्यांचे म्हणणे पडले की जिप्सम उपयोगी पडतो तो चोपण जमिनीला, जिथे सोडियमचे प्रमाण जास्त असते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि धुणे लागते. शिवाय मंजूर सिनॉप्सिसमध्ये सुधारणेचे उद्दिष्टच नाही. समितीने ठरवले, आधी विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी काढावी आणि प्रयोगाचा विचार आत्ता नको. हे कारणासह नोंदवले नाही, तर पुढच्या बैठकीत ‘जिप्समचे काय झाले?’ हा प्रश्न नक्की येतो आणि विद्यार्थिनीकडे दाखवायला काही नसते.

जबाबदाऱ्या लिहिताना सगळे ओझे विद्यार्थ्यावर टाकले जाते, ते थांबवा. सोडियम मोजायला फ्लेम फोटोमीटर लागणार आणि तो दुसऱ्या विभागात असेल, तर परवानगीचे पत्र मार्गदर्शकांनी १५ फेब्रुवारीपर्यंत द्यायचे, ही ओळ इतिवृत्तात हवी. एखाद्या सदस्याने संख्याशास्त्रासाठी मदत करू म्हटले असेल तर तेही लिहा. हे लिहून मागायला मुले संकोचतात, पण सरांना वा मॅडमना ‘तारीख घालू का?’ असे विचारण्यात गैर काही नाही. तुमची तारीख दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असेल तर ते कागदावर दिसलेच पाहिजे.

बाकीचे थोडक्यात. प्रकरण दोनचा मसुदा ३१ मेपर्यंत. कोर्सवर्कचे प्रमाणपत्र फाइलला लावणे. सहा महिन्यांसाठी मोठे टप्पे चार पुरेत. सात-आठ लिहिले की त्यांतले निम्मे पुढच्या बैठकीत अपूर्ण म्हणून वाचले जातात.

मसुदा तीन दिवसांत तयार करून मार्गदर्शकांना द्या, आठवणी ताज्या असतात तोवर. त्यांनी दुरुस्त केला की सगळ्या सदस्यांना पाठवा. कोल्हापूर-साताऱ्याहून आलेले सदस्य गाडीच्या घाईत असतात, म्हणून कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती कोणाच्याच हिताची नाही. त्या दिवशी फक्त उपस्थितीच्या सह्या घ्या. निर्णयांवरच्या सह्या मजकूर वाचून झाल्यावरच.

दोन बैठकांच्या मधे तारीख हुकते आहे असे दिसले, तर ती उलटण्याआधी मार्गदर्शकांना ई-मेल करा: काय झाले, किती झाले, नवी तारीख कोणती. फोनवर बोलणे झाले असले तरी ई-मेल कराच, कारण पुढच्या बैठकीत तोच जोडता येतो.

पुढच्या आढाव्याच्या आठवडाभर आधी कार्यवाही अहवाल सदस्यांना पाठवा. त्यात मागच्या इतिवृत्तातले प्रत्येक वाक्य जसेच्या तसे डावीकडे आणि त्यापुढे झाले, अंशतः झाले किंवा झाले नाही यांपैकी एक, सोबत पुराव्याचा पान क्रमांक. ‘काम सुरू आहे’ हे उत्तर चालत नाही. १२० पैकी ९६ नमुने पावसाआधी घेतले, २४ नंतर, असे लिहा. सादरीकरणाची पहिली स्लाइड याच तक्त्याची ठेवा आणि दोन्ही ईसींचा आलेख तिच्या लगेच मागे. नमुन्यांची मूळ नोंदवही, छायाप्रत नव्हे, त्या दिवशी टेबलावर असू द्या.