गोंगाटातल्या नऊ सेकंदांवरून गाणं ओळखायचंय? मोजू नका, वजा करा

मामाकडे कोळीगीतांच्या नि भजनांच्या खंडीभर कॅसेट्स होत्या. त्या मी हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवल्या, चारशेच्या वर फायली झाल्या आणि नावं काय तर ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. मग वरळी कोळीवाड्यात कुणाच्या हळदीला एखादं गाणं वाजलं की ते आपल्याकडे आहे का, कुठल्या फायलीत आहे, हे कळायचं कसं? गाणं ओळखणारं शझाम अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही, त्यांच्या साठ्यात जे आहे तेच ते ओळखणार. पण त्यांची पद्धत गुपित नाही, अ‍ॅव्हरी वँग यांनी २००३ साली ती पेपरात लिहून टाकलीये, आणि घरच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये ती आरामात होते. नेटवरचे बरेचसे धडे मात्र नेमक्या अवघड जागी दोन ओळी लिहून पुढे पळतात, म्हणून हा खटाटोप.

आधी सगळ्या फायली एका मापात आणा, मोनो आणि ११०२५ हर्ट्झ. त्याहून जास्त काही लागत नाही, गोंगाटात टिकणारं गाणं बहुतेक खालच्या पट्ट्यातच असतं.

```
ffmpeg -i track07.mp3 -ac 1 -ar 11025 track07.wav
```

मग १०२४ सॅम्पलची खिडकी ५१२ ने सरकवत स्पेक्ट्रोग्राम काढा, म्हणजे कुठल्या क्षणी कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे त्याचा नकाशा. एक फ्रेम साधारण ०.०४६ सेकंदाने पुढे सरकते. त्यातली टोकं वेचा, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उंच असलेले बिंदू. इथे लोक "अमुक डेसिबलच्या वरचे सगळे घ्या" सांगतात, ते ऐकू नका. मोबाइल स्वतःच आवाज कमीजास्त करत बसतो, त्यामुळे ठराविक रेषा मारली की एका क्लिपमध्ये हजार टोकं आणि दुसरीत चार. शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे का एवढंच बघा, `scipy.ndimage.maximum_filter` शेजारातली सगळ्यात मोठी किंमत देतं, बिंदू तेवढाच असेल तर ते टोक. सेकंदाला पंचवीसेक टोकं पुरतात.

एकटं टोक काहीच सांगत नाही, तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचं टोक प्रत्येक गाण्यात शंभरदा येतं. म्हणून प्रत्येक टोकाची त्याच्या पुढच्या आठेक टोकांशी जोडी लावा. पहिल्याची फ्रिक्वेन्सी, दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी आणि दोघांमधलं फ्रेमचं अंतर, हे तीन आकडे मिळून एक हॅश. हॅशसोबत गाण्याचं नाव आणि पहिलं टोक गाण्यात कितव्या फ्रेमला होतं ते लिहून ठेवा. हा फ्रेम नंबर लिहायला विसरू नका, पुढचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

आता ती जागा जिथे मी तीन आठवडे डोकं फोडत होतो.

क्लिपचे हॅश काढले, साठ्यात शोधले, ज्या गाण्याचे सगळ्यात जास्त जुळले ते उत्तर, असंच वाटतं ना? मलाही तेच वाटलं. हळदीतली नऊ सेकंदांची क्लिप टाकली, मागे बायकांचा हशा, कुणीतरी "अगं पाट कुठंय" ओरडतंय, आणि उत्तर आलं चाळीस मिनिटांची नॉनस्टॉप फाइल. दुसरी क्लिप, तेच उत्तर. भजनाची क्लिप टाकली तरी नॉनस्टॉप! मला वाटलं टोकं चुकली, ती बदलली, खिडकी बदलली, जोड्या आठच्या पंधरा केल्या, काही फरक नाही. कारण चूक तिथे नव्हतीच. चाळीस मिनिटांच्या फायलीत हॅशच इतके असतात की कुठलीही क्लिप टाका, योगायोगाने तिचेच जास्त जुळणार, म्हणजे माझा प्रोग्राम गाणं ओळखत नव्हता, फायलीची लांबी मोजत होता.

खरी खूण वेगळीच आहे. क्लिप खरंच त्या गाण्यातली असेल तर तिच्यातली प्रत्येक गोष्ट गाण्यात तेवढ्याच अंतरावर पुढे सापडणार. क्लिपच्या ४० व्या फ्रेमचा हॅश गाण्यात १९६० ला सापडला तर वजाबाकी १९२०. क्लिपच्या ११० व्या फ्रेमचा गाण्यात २०३० ला, परत १९२०. योगायोगाने जुळलेल्यांची वजाबाकी मात्र कुठेही जाते, एक ३१७, एक २५०००, कशाचा कशाला मेळ नाही. म्हणून किती जुळले ते सोडा, एकाच वजाबाकीवर किती जमले ते बघा. कोड एवढासाच आहे, `index` म्हणजे आपला हॅशांचा साठा आणि `clip_hashes` म्हणजे क्लिपचे हॅश नि त्यांचे फ्रेम नंबर:

```python
from collections import Counter
hits = Counter()
for h, t_clip in clip_hashes:
    for song, t_song in index.get(h, ()):
        hits[song, t_song - t_clip] += 1
print(hits.most_common(5))
```

त्याच हळदीच्या क्लिपला नॉनस्टॉपचे एकूण ११४० हॅश जुळले होते, पण एका वजाबाकीवर जास्तीत जास्त ४. ट्रॅक ०७ चे एकूण फक्त १७१, त्यातले ५८ एकट्या १९२० वर. १९२० गुणिले ०.०४६४, म्हणजे साधारण ८९ सेकंद. फाइल उघडून १ मिनिट २९ सेकंदांवर नेली आणि तिथून तेच कडवं, अगदी त्याच शब्दापासून. तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, मामाला फोन करायचा मोह आवरला.

तरी एक खोच राहते. मोबाइलचं रेकॉर्डिंग तुमच्या फ्रेमच्या हद्दीवर थोडंच सुरू होणार, ते कुठेतरी मधेच सुरू होतं, त्यामुळे काही हॅश शेजारच्या वजाबाकीवर सांडतात. माझे १३ हॅश १९२१ वर होते. शेजारचे दोन कप्पे एकत्र मोजा, नाहीतर क्षीण क्लिप हातची जाते.

आणि "सापडलं नाही" म्हणायलाही प्रोग्रामला शिकवा. पहिल्या नंबरला काहीतरी येणारच, त्यामुळे पहिल्या गाण्याचा ढीग, म्हणजे एका वजाबाकीवर जमलेले हॅश, दुसऱ्या गाण्याच्या ढिगाच्या निदान तिप्पट नसेल तर मी उत्तर मानत नाही. हा आकडा माझ्या फायलींपुरता आहे, तुमचा ठरवायला साठ्यात नसलेली वीस गाणी मुद्दाम टाकून बघा. एकाच गाण्याचे दोन-तीन मोठे ढीग सारख्या अंतरावर दिसले तर घाबरू नका, ते मशीनवर वाजवलेलं, तोच तुकडा पुन्हा पुन्हा येणारं गाणं असतं.

क्लिप साध्या रेकॉर्डरने घ्या. चालू कॉलवरून घेतलेली नको, कॉलमध्ये बोलणं ठेवून बाकीचं गोंगाट म्हणून कापलं जातं आणि तो गोंगाट म्हणजे नेमकं आपलं गाणं असतं. लोकांचा आवाज मात्र चालतो, हशाची टोकं नुसती जास्तीची पडतात, गाण्याची उरलेली आपापल्या जागी असतात.

डीजेने गाणं पळवलं की पंचाईत. ३ टक्के वेग वाढला तर १००० हर्ट्झचं टोक १०३० वर जातं, स्पेक्ट्रोग्रामचा एक कप्पा पावणेअकरा हर्ट्झचा, म्हणजे जवळपास तीन कप्पे सरकलं आणि हॅश बदलला. मी क्लिपच एकेक टक्क्याने हळू-जलद करून, वर-खाली पाच टक्क्यांपर्यंत, सगळ्या पुन्हा शोधतो. चहा होईपर्यंत उत्तर येतं. कॅसेट प्लेअरचा पट्टा ढिला असेल तरी हाच उपाय.

त्या हळदीतलीच दुसरी क्लिप मात्र कशालाच जुळेना. मामी ऐकून म्हणाली, "अरे हे तर तुझ्या त्या कॅसेटमधलंच." गाणं तेच होतं, पण बाहेर बेंजो पार्टी लाइव्ह वाजवत होती. ही पद्धत चाल ओळखत नाही, ते एक रेकॉर्डिंग ओळखते. तेच वादक उद्या तेच गाणं वाजवतील तरी टोकं वेगळ्या जागी पडणार. तसल्या क्लिपांसाठी माझ्याकडे अजून तरी मामीच आहे.