पोस्टात जॉइंट खातं उघडताय? आधी 'बी' वर टिक करा
इंदूरला आमच्या मावशीने काकांसोबत पोस्टाच्या मंथली इन्कम स्कीममध्ये 6 लाख ठेवले, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 3700 येतात. पण फॉर्मवर जॉइंट ए टिक झालं होतं, म्हणजे पैसे काढायचे तर दोघांच्याही सह्या लागणार, आणि काका आजारी पडले तेव्हा मावशी नुसती चकरा मारत बसली हो! जॉइंट बी मध्ये कोणा एकाची सही चालते, मागे राहिलेल्यालाही खातं चालवता येतं. आणखी एक, व्याज बायकोच्या स्वतःच्या सेव्हिंग खात्यात ऑटो क्रेडिट करून घ्या, कारण न काढलेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. मुदत 5 वर्षं, नंतर खातं बंद करून पैसे काढायची किंवा नवीन खातं उघडायची आठवण कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.