विदेशी डोनरचं ग्रँट ॲग्रीमेंट सही करायच्या आधी कसं तपासायचं

ॲग्रीमेंट ईमेलवर येतं, वीस-बावीस पानं, सगळं इंग्रजी, सोबत निरोप असतो की शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा, आणि इकडे जून तोंडावर आलेला, कार्यकर्ते गावोगावी बियाण्याच्या याद्या करत फिरताहेत, मग सचिव रक्कम बघतात, अध्यक्ष सही करतात आणि फाईल कपाटात जाते. यवतमाळ-वर्धा भागातल्या लहान संस्थांचे असे करार मी गेली बरीच वर्षं वाचून देतो. अडचण बहुतेक तीनच जागी येते, पैसा कशावर खर्चायचा, रिपोर्ट कधी द्यायचा आणि डोनरने मधेच हात काढला तर काय, म्हणून या लेखात तेवढंच घेतलंय.

एक उदाहरण धरून चालू. समजा संस्था शेततळी आणि कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर काम करते. युरोपातला डोनर दोन वर्षांसाठी ६०,००० युरो देतोय, १५,००० चा एक असे चार हप्ते, काम १ जुलैपासून. युरो ९० रुपये धरला तर एक हप्ता साडेतेरा लाखांचा.

सुरुवात शेवटच्या पानांपासून

आधी टर्मिनेशनचं कलम काढा, कारण बाकीच्या अटी किती कडक आहेत ते तिथेच कळतं. बहुतेक करारांत असं असतं की डोनर कारण न देता ३० दिवसांच्या नोटिशीवर करार संपवू शकतो आणि न खर्चलेली सगळी रक्कम १५ दिवसांत परत करायची. हे वाचून एका सचिवांनी मला विचारलं होतं, "भाऊ, पैसे थांबले त पोट्ट्यायचा पगार कुठून देऊ?" ॲग्रीमेंट वाचताना हाच प्रश्न हातात धरायचा.

हिशोब मांडून पाहा. दोन हप्ते मिळाले, म्हणजे २७ लाख. १९ लाख खर्च झाले, बँकेत ८ लाख आहेत, आणि नोटीस आली. पण जेसीबीवाल्याने तळी खोदून ठेवलीत, त्याचे १,८०,००० द्यायचे आहेत. सहा कार्यकर्ते आहेत, महिना १२,००० प्रमाणे, त्यांना दोन महिन्यांची नोटीस द्यायचं तुम्ही नेमणूकपत्रात लिहून दिलंय, म्हणजे १,४४,०००. एकूण ३,२४,००० ची देणी नोटिशीच्या आधीच अंगावर आहेत. करारात काहीच लिहिलेलं नसेल तर डोनर पूर्ण ८ लाख मागू शकतो आणि ही देणी संस्थेच्या गळ्यात पडतात. म्हणून एक वाक्य टाकून घ्यायचं, की नोटीस मिळायच्या आधी स्वीकारलेली आणि मागे न घेता येणारी देणी, कर्मचाऱ्यांच्या नोटीस काळाच्या पगारासह, ग्रँटमधून भागवली जातील. मग परतीचा प्रश्न ४,७६,००० पुरताच राहतो. नोटीस ३० ऐवजी ९० दिवसांची मागा. आपल्याकडून चूक झाली म्हणून करार तोडायचा असेल तर आधी लेखी कळवून दुरुस्तीला ३० दिवस द्यावेत हेही मागा, कारण रिपोर्ट आठ दिवस उशिरा गेला एवढ्यावरून करार तुटू नये.

परतीच्या मुदतीवर पण थांबा. विदेशी देणगी खात्यातला पैसा बाहेर देशात परत पाठवायचा म्हणजे आपल्या गावच्या ब्रँचमधून एनईएफटी मारण्यासारखं नाही, त्याच्यात परवानग्यांचा मामला असतो, तेव्हा "१५ दिवसांत" हे कबूल करूच नका. "भारतीय कायद्यानुसार लागणाऱ्या परवानग्या मिळाल्यानंतर" असं लिहून घ्या.

आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची आपली नोंदणी, सस्पेंड झाली तर? बरेच करार म्हणतात की अशा वेळी करार ताबडतोब संपला आणि रक्कम परत. पण सस्पेन्शनमध्ये संस्था नवीन विदेशी पैसा घेऊ शकत नाही, आणि खात्यात पडलेल्या पैशातला २५ टक्क्यांपर्यंतच भाग, तोही केंद्र सरकारची मंजुरी घेऊन, वापरता येतो. म्हणजे डोनर मागतोय आणि तुम्ही देऊच शकत नाही अशी कोंडी होते. इथे लिहून घ्यायचं की सस्पेन्शनच्या काळात करार स्थगित राहील, तुटणार नाही. सोबत आपल्या सर्टिफिकेटची तारीख पण बघा, नोंदणी पाच वर्षांची असते, ती ग्रँटच्या मधेच संपत असेल तर डोनरला आताच सांगा, आणि रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत करायचा असतो तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग पैशाचा वापर

बजेटचा तक्ता आणि एफसीआरए कायदा शेजारी-शेजारी ठेवून वाचा. डोनर त्याच्या देशाच्या पद्धतीने बजेट मंजूर करतो, त्याला आपला कायदा पाठ असेलच असं नाही.

दोन जागा नक्की तपासा. पहिली, कोणाला पैसे पुढे द्यायचेत का. "स्थानिक भागीदारांना वितरण" असं काही दिसलं तर लाल पेनाने गोल करा. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी नाही, आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या कायम ठेवल्या. तेव्हा बाजूच्या तालुक्यातल्या छोट्या संस्थेला चार लाख देऊन तिच्याकडून काम करून घ्यायची योजना असेल तर ती बदला. संस्थेने स्वतः बियाणं खरेदी करावं, दुकानदाराला स्वतः पैसे द्यावे, बिल संस्थेच्या नावाचं. बचत गटाच्या खात्यात फिरता निधी टाकायची आयडिया तर सीएकडून लेखी मत घेतल्याशिवाय बजेटमध्ये ठेवूच नका.

दुसरी जागा प्रशासकीय खर्चाची. इथे चूक दिसत नाही आणि पुढच्या ऑडिटमध्ये निघते. कायद्यात मर्यादा आहे, त्या आर्थिक वर्षात *मिळालेल्या* विदेशी देणगीच्या २० टक्के (२०२० आधी ५० होती), जास्त लागलं तर केंद्र सरकारची आधी मंजुरी पाहिजे. आपल्या उदाहरणात वर्षाला २७ लाख येणार, म्हणजे मर्यादा ५,४०,०००. पण डोनरने मॅनेजर, लेखापाल, ऑफिस भाडं, गाडी, ऑडिट मिळून ७ लाख मंजूर केलेत. डोनर हो म्हणाला म्हणून कायदा हो म्हणत नाही. शेताच्या बांधावर जाऊन प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा पगार संस्थेच्या उद्देशाचाच खर्च धरता येतो, जसा दवाखान्यातल्या डॉक्टरचा, पण मॅनेजर आणि लेखापाल तसे धरता येत नाहीत. म्हणून बजेटमध्ये प्रत्येकाचं नेमकं काम लिहा, नुसतं "स्टाफ" नको. ही मर्यादा सगळ्या विदेशी ग्रँट मिळून मोजतात, एका कराराची नाही, हे पण लक्षात असू द्या.

बँकेच्या तपशिलात दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलंच खातं लिहिलंय ना ते बघा, विदेशी पैसा आधी तिथेच यावा लागतो, मग आपल्या गावच्या वापर-खात्यात. जुन्या करारावरून कॉपी करताना जुनं खातं तसंच राहिलेलं मी दोनदा पाहिलंय.

रिपोर्टिंगच्या तारखा आपल्या कॅलेंडरवर

आता वरच्या दोन गोष्टी रिपोर्टच्या तारखेशी कशा बांधल्यात ते बघा. डोनरचं वर्ष जानेवारी-डिसेंबर. करारात असं लिहिलंय की पहिला रिपोर्ट डिसेंबरपर्यंतच्या कामाचा, ३१ जानेवारीला द्यायचा, आणि डोनरने मान्य केल्यावर ६० दिवसांत दुसरा हप्ता. वाचायला सरळ वाटतं. पण मान्यता फेब्रुवारीत मिळाली तर पैसा एप्रिलमध्ये येतो, म्हणजे आपल्या पुढच्या आर्थिक वर्षात. मग या वर्षी मिळाले फक्त साडेतेरा लाख आणि प्रशासकीय मर्यादा झाली २,७०,०००, लेखापालाचा पगार आणि भाडं मात्र जुलैपासून दर महिन्याला चालूच. आमच्या ओळखीच्या एका संस्थेत अगदी हेच झालं, सचिवांनी तीन महिने स्वतःचं मानधन घेतलं नाही आणि तरी आकडा वर गेला. पैशाची अफरातफर नाही, काही नाही, फक्त करारातली एक तारीख चुकीची.

म्हणून तारीख बदलून मागा: जुलै ते नोव्हेंबरचं काम, रिपोर्ट १५ डिसेंबरला, हप्ता फेब्रुवारी संपायच्या आत. हे आपल्या शेतीलाही जुळतं, नोव्हेंबरपर्यंत सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, आकडे हातात असतात. जुलैत बेसलाइन सर्व्हे मागणारा डोनर असेल तर त्याला सांगा की पेरणी-डवरणीच्या दिवसात शेतकरी तासभर बसून फॉर्म भरत नाही, मे मध्ये करू. मात्र एफसी-४ हा वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबरच्या आत भरायचा असतो, तेव्हा लेखापालाचा डिसेंबर भरगच्च जाईल, ते धरून चाला.

"मान्य केल्यावर" या शब्दावर अडून बसा. मान्यतेला मुदत नसेल तर हप्ता कितीही लांबतो. ३० दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर रिपोर्ट मान्य धरावा, एवढं लिहून घेतलं की झालं.

युरोचा हिशोब कोणत्या दराने द्यायचा ते करारात स्पष्ट पाहिजे, आणि तो दर म्हणजे बँकेने प्रत्यक्ष जमा केला तोच. पहिला हप्ता ९० ने आला आणि दुसरा ८७ ने, तर १५,००० युरोवर ४५,००० रुपये कमी झाले. तेवढं काम कमी करायची मुभा आहे का, की संस्थेने खिशातून भरायचं, हे आधी विचारा. बिलांचं पण तसंच, मजुरांचं मस्टर अंगठ्याचं आणि मराठीतलं असतं, आठवडी बाजारात पक्कं बिल मिळत नाही, तेव्हा किती रकमेपर्यंत संस्थेचं स्वतःचं व्हाउचर चालेल आणि मराठी बिलाला इंग्रजी गोषवारा पुरेल का, याचं उत्तर ईमेलवर घेऊन कराराला जोडा. फोनवर मिळालेलं "नो प्रॉब्लेम" ऑडिटर मानत नाही.

डोनरला काय लिहायचं

वीस मुद्दे पाठवू नका, चार पाठवा: देणी भागवायचं वाक्य, नोटिशीचे दिवस, रिपोर्ट-हप्त्याच्या तारखा, आणि करारातली कोणतीही अट भारतीय कायद्याच्या विरोधात गेली तर भारतीय कायदा लागू राहील हे कलम. कारण म्हणून एफसीआरएची मर्यादा आणि वरच्यासारखा छोटा आकड्यांचा तक्ता जोडा. माझ्या अनुभवात डोनरची माणसं तक्ता पाहिल्यावर लवकर ऐकतात, त्यांनाही त्यांच्या बोर्डाला काहीतरी दाखवायचं असतं. बदल झाला की तो सुधारित कराराच्या पानावर दोघांच्या सहीने आला का ते बघा, आणि मगच पेन अध्यक्षांच्या हातात द्या.