वजनकाट्याच्या आणि भिंतीवरच्या खुणेच्या फोटोंवरून बीएमआय काढताना या चुका टाळा

काही दिवसांपूर्वी मावशीने मला दोन फोटो पाठवले आणि त्यांवरून तिचा बीएमआय काढून मागितला. एका फोटोत स्प्रिंगच्या वजनकाट्याची तबकडी होती, तर दुसऱ्यात भिंतीवर चिकटवलेल्या टेपला पाठ लावून ती स्वतः उभी होती. तबकडीवर 64 किलो दिसत होते आणि टेपवर 165 सेंटीमीटर. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, म्हणजे 64 भागिले 2.72, हे गणित मिनिटभराचे आहे. उत्तर 23.5 आले, परंतु ते ज्या दोन आकड्यांवर उभे होते ते दोन्ही चुकीचे होते.

उंचीची चूक अधिक महाग पडते, कारण सूत्रात उंचीचा वर्ग होतो आणि उंचीतली एक टक्क्याची चूक उत्तरात जवळपास दोन टक्क्यांची होते. मावशीची टाळू भिंतीला टेकलेली नव्हती, कोणाचीच टेकत नाही. ती भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटर पुढे होती. फोटो काढणाऱ्या मुलाने फोन छातीशी, जमिनीपासून सुमारे 120 सेंटीमीटर उंचीवर धरला होता आणि तो भिंतीपासून दीड मीटर दूर उभा होता. फोनपासून निघून टाळूला स्पर्शून जाणारी तिरपी रेषा पुढच्या त्या 10 सेंटीमीटरमध्ये आणखी वर चढते, आणि त्यामुळे 162 सेंटीमीटर उंचीची व्यक्ती टेपवर 165 ची दिसते. फोन डोक्याच्या वर धरला असता, तर हीच चूक उलट दिशेने झाली असती.

यावर उपाय असा, की माणसाचा फोटो काढूच नये. अनवाणी, टाचा भिंतीला लावून आणि नजर समोर ठेवून उभे राहावे. दुसऱ्याने जाड पुस्तकाची एक कड भिंतीला पूर्ण टेकवून ते डोक्यावर आडवे, सपाट ठेवावे आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने रेघ मारावी. मग बाजूला होऊन फक्त रेघेचा आणि टेपचा फोटो काढावा. दोन्ही एकाच भिंतीवर असल्यामुळे फोन थोडा वर-खाली झाला तरी वाचन बिघडत नाही. टेपचा शून्य खरोखर जमिनीला टेकला आहे, हे दाखवणारा तळाचा फोटोही घ्यावा. शिंप्याच्या टेपच्या टोकाची धातूची पट्टी दुमडली गेल्याने किंवा टेप स्कर्टिंगच्या वरून सुरू केल्याने फसगत झालेली मी पाहिली आहे. उंची फुटांत असेल, तर 5 फूट 10 इंच हे 5.10 असे लिहून थेट सेंटीमीटरमध्ये रूपांतर करू नये. तसे केल्यास उत्तर 155 येते, प्रत्यक्षात ते 178 असते.

वजनाच्या फोटोत पहिली चूक शून्याची असते. मावशीला रिकाम्या काट्याचा फोटो मागितला, तेव्हा त्यावर कोणीही उभे नसताना काट्याच्या खिडकीतली रेघ दीड किलोवर होती. काट्याची शून्य लावण्याची चाकी फिरवावी, किंवा दोन्ही फोटो घेऊन वजाबाकी करावी. मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात पुरावा हाती राहतो. दुसरी चूक तिरप्या फोटोची. खिडकीतली रेघ तबकडीच्या काही मिलिमीटर वर असते, म्हणून फोन डावीकडे किंवा उजवीकडे सरकला की रेघ शेजारच्या आकड्यावर गेलेली दिसते. पुढे-मागे सरकल्याने तितका फरक पडत नाही. फोटोत खिडकीची डावी आणि उजवी आतली भिंत सारखी दिसत नसेल, तर तो फोटो पुन्हा काढावा. उभ्या माणसाने स्वतः वाकून फोटो काढू नये, कारण वाकताना भार हलतो आणि तबकडी डोलत राहते. काही तबकड्यांवर किलोबरोबर पौंडाचे आकडेही असतात, तेव्हा आपण कोणते कडे वाचतो आहोत, याची खात्री करावी.

मावशीचे दुरुस्त आकडे 62.5 किलो आणि 162 सेंटीमीटर असे निघाले, म्हणजे 62.5 भागिले 2.6244, उत्तर 23.8. पहिले उत्तर याच्या जवळ होते, कारण दोन चुकांनी एकमेकींना बरेचसे झाकले होते. मी फक्त वजन दुरुस्त केले असते आणि उंची 165 च ठेवली असती, तर उत्तर 22.96 आले असते आणि भारतीय प्रौढांसाठी जादा वजनाची जी 23 ची मर्यादा वापरली जाते, तिच्या अलीकडे मावशी राहिली असती. अर्धवट दुरुस्ती कधीकधी न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट ठरते, ती अशी.

फोटोवरून वजन अर्ध्या किलोपर्यंत आणि उंची अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतच वाचता येते, आणि या दोन्हींमुळे उत्तरात 0.34 पर्यंत फरक पडू शकतो. म्हणून मी मावशीला 23.81 न सांगता "साडेतेवीस ते चोवीसच्या आसपास" असे कळवले, आणि तिच्या बारा वर्षांच्या नातीचे फोटो आले तेव्हा तिला ही मर्यादा लावली नाही, कारण मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते पाहावे लागतात.